३० सेंमीपर्यंतचा कर्बसाठा हेक्टरी २.४ टनांनी वाढलेला दिसतोय, पण टक्केवारी तर किंचित घटलीय. गणित कुठे चुकतंय?

शेतवही

नमस्कार मंडळी. एकाच प्लॉटची माती पाच वर्षांच्या अंतराने दोनदा तपासलीय. दोन्ही वेळेला पाच-पाच खड्डे, प्रत्येक खड्ड्यातून दहा-दहा सेंमीचे तीन थर, लॅब तीच आणि कर्ब काढायची पद्धतही तीच. पाच खड्ड्यांची सरासरी घेऊन आकडे असे आहेत.

पहिल्या वेळी
०-१० सेंमी: कर्ब १.१०%, बल्क डेन्सिटी १.२०
१०-२० सेंमी: ०.८०%, १.३०
२०-३० सेंमी: ०.६०%, १.४०

पाच वर्षांनी
०-१० सेंमी: कर्ब १.०८%, बल्क डेन्सिटी १.३५
१०-२० सेंमी: ०.७९%, १.४२
२०-३० सेंमी: ०.६०%, १.४३

टक्के गुणिले बल्क डेन्सिटी गुणिले थराची जाडी सेंमीत, असं केलं की थेट टन प्रति हेक्टर येतं हे मला माहितीय. एक्सेलमध्ये C कॉलममध्ये जाडी, D मध्ये बल्क डेन्सिटी, E मध्ये टक्के ठेवून हे वापरलं:

```
=SUMPRODUCT(C2:C4,D2:D4,E2:E4)
```

पहिल्या वेळी १३.२ + १०.४ + ८.४ म्हणजे ३२.० टन, दुसऱ्या वेळी १४.५८ + ११.२२ + ८.५८ म्हणजे ३४.३८ टन. वाढ जवळजवळ २.४ टन. आता सांगा, टक्केवारी एकाही थरात वाढलेली नाही, उलट वरच्या दोन थरांत थोडी घटलीय, मग हा कर्ब आला कुठून? तीन दिवस शीट उलटसुलट तपासली, गुणाकार बरोबर आहेत.

रानवाट

यात गोंधळायचं काय आहे कळलं नाही. बल्क डेन्सिटी वाढली म्हणजे तेवढ्याच ३० सेंमीमध्ये माती जास्त बसली, माती जास्त म्हणजे कर्ब जास्त. टक्केवारी म्हणजे साठा नव्हे, हेच तर बल्क डेन्सिटी घ्यायचं कारण आहे. ३० सेंमीत ३४.३८ टन आहे तर आहे, बिनधास्त लिहा.

निळीशाई

युनिट्सची एकदा खात्री करून घेतली कारण मी स्वतः यात फसलेय. एक हेक्टर म्हणजे दहा कोटी चौरस सेंमी, दहा सेंमी जाडीचा थर म्हणजे शंभर कोटी घन सेंमी, त्याला १.२० ने गुणलं की १२० कोटी ग्रॅम म्हणजे १२०० टन माती, आणि तिचे १.१० टक्के म्हणजे १३.२ टन. जुळतंय. लॅबने टक्क्यांऐवजी ग्रॅम प्रति किलो दिलं असेल तर उत्तराला दहाने भागायचं, पण तुमचे आकडे टक्क्यांतलेच दिसतायत.

एक मात्र चांगलं केलंत, थरवार गुणून मग बेरीज केलीत. खूप जण तिन्ही टक्क्यांची सरासरी, तिन्ही डेन्सिटींची सरासरी आणि गुणिले ३० करतात. तुमच्या पहिल्या वेळच्या आकड्यांना तसं केलं तर ३२.५ येतं, कारण जिथे कर्ब जास्त तिथेच माती हलकी असते आणि सरासरी ते पुसून टाकते.

ढेकूळ

शेतवही, गुणाकार बरोबर आहेत, पण एक बेरीज राहिलीय, ती म्हणजे मातीच्या वजनाची. त्याच शीटमध्ये टक्क्यांचा कॉलम सोडून हे टाका:

```
=100*SUMPRODUCT(C2:C4,D2:D4)
```

पहिल्या वेळी ३९०० टन माती येईल आणि दुसऱ्या वेळी ४२००. म्हणजे पहिल्या खेपेला तुम्ही हेक्टरी ३९०० टन मातीतला कर्ब मोजलात आणि दुसऱ्या खेपेला ४२०० टन मातीतला. वरून तर कोणी ३०० टन माती आणून टाकली नसणार, मग ती आली कुठून?

त्याआधी दोन गोष्टी सांगा. दोन्ही वेळची सॅम्पल्स हंगामात नेमकी कधी काढली? आणि रिंग कशी ठोकली, आतली माती बाहेरच्या मातीपेक्षा खाली बसली होती का?

शेतवही

पहिल्या वेळी नांगरट होऊन पंधरा-वीस दिवस झाले होते, पाऊसही नव्हता, माती भुसभुशीत होती. दुसऱ्या वेळी पीक काढल्यावर लगेच, आणि मधली शेवटची दोन वर्षं नांगर घातलाच नव्हता.

रिंगबद्दल, ५ सेंमी व्यासाची ५ सेंमी उंचीची रिंग, लाकडाचा ठोकळा वर ठेवून ठोकलीय, सुरीने दोन्ही तोंडं सपाट केलीत, ओव्हनमध्ये १०५ अंशाला वजन स्थिर होईपर्यंत ठेवून मगच वजनं घेतलीत. दुसऱ्या वेळी एका खड्ड्यात वरच्या थरात माती आत दोन-तीन मिमी दबली होती. रिंग पूर्ण भरावी म्हणून अजून थोडी ठोकली होती.

ढेकूळ

ते ठोकणं टाळायला हवं होतं. दोन-तीन मिमी दबली असताना रिंग आणखी आत घालून काठोकाठ भरली की सव्वापाच सेंमीची माती पाच सेंमीत कोंबली जाते, म्हणजे डेन्सिटी पाच-सहा टक्के फुगते. त्या खड्ड्याचा वरचा आकडा बाकी चार खड्ड्यांपेक्षा वेगळा दिसतोय का बघा, दिसला तर सरासरीतून काढून पुन्हा करा.

पण मुख्य गोष्ट ती नाही. मुख्य गोष्ट नांगरट. नांगरल्यावर माती फुगते, जमिनीचा पृष्ठभागच वर येतो. तेव्हा वरून मोजलेले ३० सेंमी आणि माती बसल्यावर वरून मोजलेले ३० सेंमी हे एकाच मातीचे नाहीत. माती दबली की पृष्ठभाग खाली येतो आणि तुमची ३० सेंमीची खूण त्याच्याबरोबर खाली सरकते, पूर्वी जी माती खुणेच्या खाली होती ती आता वर मोजली जाते. ते तुमचे ३०० टन. त्यात कर्ब आधीपासून होताच, फक्त आधी तुम्ही तो मोजला नव्हता.

तेव्हा दोन्ही वेळी सारखीच माती तोला. जी कमी आहे ती आधार धरा, म्हणजे ३९०० टन. दुसऱ्या वेळच्या खड्ड्यात वरून मोजत ३९०० टन झाले की थांबा, तळातले ३०० टन सोडून द्या. तळाच्या थरात दर सेंमीला १४३ टन आहेत म्हणजे साधारण २.१ सेंमी कापायचे. ३०० टनांचे ०.६० टक्के म्हणजे १.८ टन कर्ब. ३४.३८ मधून १.८ गेले, राहिले ३२.५८.

२.४ टनांची वाढ होती ती ०.५८ वर आली.

आकडेमोड

एवढं कापाकापी कशाला. दोन्ही वर्षांना एकच बल्क डेन्सिटी वापरा ना, पहिल्या वेळचीच. मग दबल्याचा परिणाम आपोआप निघून जातो आणि फक्त टक्केवारीतला फरक उरतो. आम्ही नेहमी असंच करतो, दुसऱ्या वेळी डेन्सिटी काढायचे कष्टही वाचतात.

शेतवही

करून पाहिलं. १२.९६ + १०.२७ + ८.४० म्हणजे ३१.६३. म्हणजे आता ०.३७ टनांची घट! ढेकूळ यांच्या हिशेबाने ०.५८ वाढ आणि तुमच्या हिशेबाने घट, चिन्हच उलटं झालं. आता खरं कोणाचं?

ढेकूळ

आकडेमोड, तुमचा रोख बरोबर आहे, दबल्यामुळे आलेली खोटी वाढ काढायलाच हवी. पण डेन्सिटी जुनी वापरली तरी सॅम्पल जुनं होत नाही. दुसऱ्या वेळची पिशवी ज्यावर १०-२० लिहिलंय ती मुळात कुठली माती आहे ते बघा.

दुसऱ्या वेळी वरच्या दहा सेंमीत १३५० टन माती आहे. जुन्या वरच्या थरात १२०० च होते. म्हणजे नव्या वरच्या थराच्या पिशवीत जुन्या दुसऱ्या थरातले १५० टन मिसळलेत, आणि ती माती तर आधीपासून गरीब, ०.८० टक्क्यांची. तसंच नवा दुसरा थर संपतो २७७० टनांवर, जुना संपत होता २५०० वर, म्हणजे त्यात जुन्या तिसऱ्या थरातले २७० टन आलेत. प्रत्येक पिशवीत खालची गरीब माती मिसळली की टक्केवारी थोडी उतरणारच, कर्बाचा एक कणही न जाता. तुमच्या पद्धतीत ही उतरलेली टक्केवारी जुन्या वजनाला लागते आणि म्हणून घट दिसते. शेतवही, तुम्हाला पडलेला पहिला प्रश्न की टक्केवारी का घटली, त्याचं बरंचसं उत्तरही यातच आहे.

आकडेमोड

हे लक्षात आलं नव्हतं खरंच. आमच्याकडे मात्र डेन्सिटीत एवढा फरक पडतच नाही, शंभरात दोन-तीनचा, तेव्हा चालून जात असावं.

ढेकूळ

फरक पडतो की नाही हे दुसऱ्यांदा मोजल्याशिवाय कसं कळणार? आणि दोन-तीन टक्के म्हणजे ३२ टनांवर पाऊण-एक टन झालाच, बऱ्याच ठिकाणी पाच वर्षांत शोधायचा खरा बदल त्याच्याच आसपास असतो.

खडकाळ

माझाही प्रश्न विचारून घेतो, धागा वेगळा काढत नाही. आमच्या जमिनीत खडे खूप. १०० घन सेंमीच्या रिंगेत कोरडं वजन १५० ग्रॅम भरलं, २ मिमीच्या चाळणीवर ४५ ग्रॅम खडे राहिले. कर्ब १.२ टक्के. डेन्सिटी १.५० धरली तर दहा सेंमीत १८ टन येतात. एकाने सांगितलं ३० टक्के खडे आहेत तर ०.७० ने गुण. दुसरा म्हणाला आधी खडे वगळून डेन्सिटी काढ आणि मग ०.७० ने गुण. दोन्ही उत्तरं वेगळी येतात. आणि हो, तुमच्या त्या समान वजनात खडे धरायचे का?

निळीशाई

हे मी केलंय म्हणून सांगते. लॅबने १.२ टक्के काढले ते चाळणीखालच्या बारीक मातीचे, खड्यांचे नाहीत. मग तुम्हाला हवंय एवढंच, की १०० घन सेंमी जागेत बारीक माती किती? १५० वजा ४५, म्हणजे १०५ ग्रॅम, भागिले पूर्ण १००. आलं १.०५. दहा सेंमीत १.०५ गुणिले १.२ गुणिले १०, म्हणजे १२.६ टन, संपलं. पुढे खड्यांसाठी काहीच गुणायचं नाही, ते आधीच वजा झालेत. पहिल्याचं १.५० गुणिले ०.७० हे तेच आहे, १.०५.

दुसऱ्याने सांगितलं त्यात गोची आहे. खडे वगळून डेन्सिटी म्हणजे १०५ ग्रॅम भागिले खड्यांची जागा सोडून उरलेली जागा. खड्याची घनता २.६५ धरली तर ४५ ग्रॅम खडे १७ घन सेंमी जागा खातात, उरतात ८३, डेन्सिटी येते १.२६५. त्याला गुणायचं तर ०.८३ ने, कारण खडे आकारमानाने १७ टक्केच आहेत. ०.७० ने गुणलंत तर १०.६ टन येतात, दोन टन गायब. वजनाचे टक्के आणि आकारमानाचे टक्के इथे अदलाबदल होतात आणि शीटमध्ये काहीच लाल दिसत नाही, आकडा छान दिसतो.

ढेकूळ

निळीशाईंनी नेमकं सांगितलं. समान वजनातही फक्त बारीक मातीच धरा, खडे सोडून. फक्त खडकाळ, १०० घन सेंमीच्या रिंगेत मोठा गोटा मावतच नाही, तुम्ही नकळत गोटे टाळून रिंग ठोकता आणि मग माती आहे त्यापेक्षा जास्त निघते. गोटे मोठे असतील तर लहान चौकोनी खड्डा खणा, निघालेलं सगळं तोला, आणि खड्ड्यात प्लास्टिक अंथरून पाणी किंवा कोरडी वाळू मोजून ओता, आकारमान कळेल. कष्टाचं काम आहे पण दुसरा खात्रीचा रस्ता मला माहीत नाही.

रानवाट

सगळं पटलं, वर मी घाईत लिहिलं होतं. पण माझा मुद्दा पूर्ण चुकीचाही नाही. सगळे नकाशे आणि अहवाल ०-३० सेंमीचेच आकडे मागतात, आयपीसीसीची ठरलेली खोली ३० सेंमीच आहे. तिथे ३२.५८ लिहिलं तर ते २७.९ सेंमीचं होईल, ३० चं नाही.

ढेकूळ

हो, आणि म्हणून ३४.३८ हा आकडा खोटा नाही. आज या जमिनीत वरच्या ३० सेंमीत किती कर्ब आहे, असं विचारलं तर उत्तर ३४.३८ च आहे, नकाशात तोच जाईल. पाच वर्षांत किती वाढला हा प्रश्न वेगळा, त्याचं उत्तर ३४.३८ वजा ३२.० असं देता येत नाही. मी स्वतः दोन्ही लिहितो, ठरलेल्या खोलीचा साठा आणि शेजारी मातीचं वजन. वजन लिहिलेलं असलं की पुढे कोणालाही पुन्हा हिशेब करता येतो. जुन्या कितीतरी अहवालांत नुसते टन प्रति हेक्टर असतात, डेन्सिटी कुठेच नाही, त्यांच्याशी तुलना करायची सोयच राहत नाही आणि याची मला मनापासून खंत वाटते.

निळीशाई

ढेकूळ, एक शंका. तळातले २.१ सेंमी कापताना तुम्ही ०.६० टक्के धरले, ती तर २०-३० या अख्ख्या थराची सरासरी झाली. कर्ब खाली खाली कमी होत जातो, म्हणजे २८ ते ३० सेंमीमध्ये ०.६० पेक्षा कमीच असणार. समजा ०.५० असेल तर ३०० टनांतून १.५ च टन जातात आणि उत्तर ३२.८८ होतं. वाढ ०.५८ ऐवजी ०.८८.

ढेकूळ

अगदी बरोबर. सरासरी धरल्यामुळे मी थोडा जास्त कर्ब कापला. यावर उपाय म्हणून काही जण साचत जाणारं मातीचं वजन आडव्या अक्षावर आणि साचत जाणारा कर्ब उभ्या अक्षावर घेऊन तीन बिंदूंमधून गुळगुळीत वक्र काढतात आणि ३९०० वर वाचतात. पण तीनच थर असताना वक्र तळाशी कसा वळवायचा हे बरंचसं सॉफ्टवेअर ठरवतं, माती नाही. पातळ थर काढणं हाच खरा इलाज. इथे मी ०.५८ आणि ०.८८ च्या मध्ये कुठेतरी एवढंच म्हणेन.

शेतवही

पण मग ही वाढ खरी आहे का? आज खड्डेवार साठे काढले. पहिल्या वेळचे पाच खड्डे असे आहेत: २९.१, ३०.६, ३१.८, ३३.४, ३५.१. एकाच दिवशी एकाच प्लॉटमध्ये सहा टनांचा फरक.

निळीशाई

याची स्टँडर्ड एरर काढली मी, साधारण १.०५ टन येते. दुसऱ्या वेळचीही तितकीच असेल असं धरलं तर फरकाची एरर दीड टनाच्या आसपास जाईल. अर्धा-पाऊण टन त्यात बुडून जातो. वाढ झाली असं म्हणता येत नाही, झाली नाही असंही नाही म्हणता येत.

काळीमाती

उशिरा वाचतोय. आमची माती भेगा पडणारी, चिकण. ओली असताना डेन्सिटी १.१५ आणि वाळल्यावर ढेकळाची १.६०, त्याच जागी. भेगेत रिंग ठोकायची की ढेकळात? ढेकळात ठोकली तर साठा भलताच मोठा येतो.

ढेकूळ

ढेकळाची डेन्सिटी घेऊन ३० सेंमीने गुणू नका, भेगांची रिकामी जागा त्यात धरलीच जात नाही. माती ओली, फुगलेली आणि भेगा मिटलेल्या असताना सॅम्पल घ्या आणि दर वेळी त्याच ओलाव्याला घ्या. समान वजनाचा हिशेब इथेही मदत करतो, पण ओली माती फुगते तेव्हा पृष्ठभागही वर उचलला जातो, ते किती हे रिंगेवरून कळत नाही. माझ्याकडे यावर पूर्ण समाधान देणारं उत्तर नाही. कोणी दोन्ही ओलाव्यांना मोजून समान वजनावर ताडून पाहिलं असेल तर जरूर लिहा.

काळीमाती

माझ्याकडे दोन्ही हंगामांचे आकडे आहेत पण फक्त २० सेंमीपर्यंतचे. शोधून टाकतो.

शेतवही

तो दबलेल्या रिंगेचा खड्डा तपासला. वरच्या थराची डेन्सिटी तिथे १.४३ होती, बाकी चौघांत १.३१ ते १.३५. ती रिंग काढून टाकली तर सरासरी १.३३ येते. वरच्या थरात १३५० ऐवजी १३३० टन, म्हणजे कापायचे २८० टन. वरच्या थरात १४.३६ होतात, बेरीज ३४.१६, त्यातून १.६८ गेले, ३२.४८. वाढ ०.४८. एका रिंगेने ठरलेल्या खोलीच्या साठ्यात ०.२२ टन टाकले होते आणि समान वजनावर ०.१०.

पुढच्या खेपेला ३०-४० चा थरही काढणार आहे, कारण नांगर पुन्हा घातला तर माती फुगून ३० सेंमीत ३९०० टनही भरणार नाहीत आणि उरलेली माती खालूनच घ्यावी लागेल. तळाचा थर पाच-पाच सेंमीचा करतो. खड्डे पाचाऐवजी बारा, आणि पीक काढल्यावर, नांगराच्या आधी. जुन्या सॅम्पलच्या पिशव्या अजून जपून ठेवल्यात, दोन्ही वेळच्या एकाच बॅचमध्ये पुन्हा तपासायला द्याव्यात का याचा विचार करतोय, पाच वर्षं पिशवीत राहिलेल्या मातीत कर्ब तेवढाच राहतो का?

ढेकूळ

हवेत वाळवून कोरड्या ठेवल्या असतील तर एकदा द्याच. ओल लागलेल्या पिशव्या वेगळ्या काढा.